लंडनच्या घड्याळात सव्वानऊ

30 मार्च 2026, सोमवार. आमच्या घरातून लंडनच्या व्यापाऱ्याला ईमेल गेलं ते दुपारी पावणेदोनला. पावसजवळ आमची हापूसची कलमं आहेत. बाग दादा बघतो आणि परदेशातल्या गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. त्या ईमेलमध्ये प्रश्न एकच होता: या खेपेला 120 पेट्या पाठवायच्या की 200? उत्तर संध्याकाळपर्यंत हवं होतं, कारण मंगळवारी पहाटे झेले घेऊन किती गडी बागेत उतरवायचे ते सोमवारी दिवेलागणीला ठरतं. आठवडाभर त्याच वेळेला, पावणेदोनला, पाठवलेल्या ईमेलला तासाभरात उत्तर येत होतं. त्या दिवशी आलं नाही. सहा वाजता दादा म्हणाला, "अगो, आला का त्याचा निरोप?" नाही म्हटल्यावर त्याने 120 पेट्यांच्या हिशोबाने माणसं सांगितली. उत्तर आलं मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी: 200 पाठवा. तोवर गडी झाडांवर चढले होते, तेही 120 च्या मापाने. ऐंशी पेट्यांची ऑर्डर हाताशी येऊन गेली.

माझी पहिली समजूत ही की माणूस आळशी आहे. पण त्याचं उत्तर नीट उघडून बघितलं आणि चूक माझी निघाली. ती कुठे झाली ते समजावून सांगते, कारण परदेशी गिऱ्हाइकाला ईमेल कोणत्या वाराला, किती वाजता पाठवावं हा सगळा प्रश्न त्या एका चुकीत आहे.

प्रत्येक ईमेलच्या पोटात एक मजकूर लपलेला असतो. जीमेलमध्ये ईमेल उघडून उजवीकडच्या तीन टिंबांवर जा, `Show original` निवडा, की तो दिसतो. त्यातल्या बाकीच्या ओळींकडे लक्ष देऊ नका, फक्त `Date:` ने सुरू होणारी ओळ शोधा. माझ्या ईमेलची आणि त्याच्या उत्तराची ओळ अशी होती:

```
Date: Mon, 30 Mar 2026 13:45:00 +0530
Date: Tue, 31 Mar 2026 01:40:00 +0100
```

शेवटचा आकडा महत्त्वाचा. `+0530` म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे. ही आपली वेळ, ती बारा महिने बदलत नाही. `+0100` म्हणजे एक तास पुढे, ही लंडनची उन्हाळी वेळ. दोन्ही वेळा एकाच मापावर आणायच्या तर शेवटचा आकडा वजा करायचा. माझे पावणेदोन म्हणजे 13:45, त्यातून साडेपाच तास काढले की जागतिक वेळ सव्वाआठ. त्यात लंडनचा एक तास मिळवला की सव्वानऊ. माझं ईमेल त्याच्या घड्याळात सकाळी सव्वानऊला पोचलं होतं आणि त्याने उत्तर लिहिलं ते रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी.

रात्री पावणेदोनला कोण उत्तर लिहितं? फळांचा घाऊक व्यापारी लिहितो. लंडनच्या पूर्वेला लेटनमध्ये न्यू स्पिटलफील्ड्स नावाचा फळांचा आणि भाजीचा घाऊक बाजार आहे. तो मध्यरात्री सुरू होतो आणि सकाळी नऊच्या सुमारास आटोपतो. आपल्याकडे वाशीच्या फळबाजारात पहाटेची जी लगबग असते, तीच तिकडे त्याहून आधी सुरू होते. आमचे हे गाळेवाले काका रात्री बाराला गाळ्यावर येतात. सहापर्यंत दुकानदार माल उचलतात, मग गर्दी ओसरते. साडेसहा ते नऊ ते हिशोब करतात, चहा घेतात, फोन बघतात, आणि नऊला घरी जाऊन झोपतात. सव्वानऊला पोचलेलं ईमेल म्हणजे माणूस गाडीत बसून निघून गेल्यावर फाटकात टाकलेली चिठ्ठी.

मग आठवडाभर पावणेदोनचं ईमेल का लागू पडत होतं? कारण तोवर लंडनचं घड्याळ वेगळं होतं. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे आणतात. यंदा तो रविवार 29 मार्चला आला. आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजले तेव्हा तिकडे रात्रीचा एक वाजायचा होता, तो थेट दोन वाजला. शुक्रवार 27 मार्चपर्यंत लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे होतं, सोमवार 30 मार्चला ते साडेचार तासच मागे राहिलं. शुक्रवारी माझ्या पावणेदोनला तिथे सव्वाआठ वाजत होते आणि काका गाळ्यावर होते. सोमवारी त्याच पावणेदोनला सव्वानऊ वाजले. मी वेळ बदलली नव्हती, आणि चूक तीच होती.

हापूसवाल्यांना हे जास्त जाचतं. आमचा निर्यातीचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये रंगात येतो आणि ब्रिटन-युरोपचं घड्याळ नेमकं तेव्हाच सरकतं. भारताचं घड्याळ कधीच सरकत नसल्यामुळे ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली नसते. ज्यांची गिऱ्हाइकं अमेरिकेत आहेत त्यांनी एक तारीख जास्त लक्षात ठेवावी लागते. तिथे घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सरकतं, म्हणजे यंदा 8 मार्चला. त्यामुळे 8 ते 29 मार्च या तीन आठवड्यांत अमेरिकेची वेळ बदललेली आणि लंडनची जुनीच, अशी विचित्र स्थिती असते. दोन्हीकडे माल जात असेल तर "तिथे आत्ता किती वाजले" याचा पाठ केलेला आकडा या तीन आठवड्यांत हमखास चुकतो. दुबईचं तसं नाही. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, उन्हाळ्यातही आणि हिवाळ्यातही. जपान साडेतीन तास पुढे, तेही कायम.

आता वेळ ठरवायची कशी? इंटरनेटवर शोधलं तर बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: मंगळवारी किंवा गुरुवारी, गिऱ्हाइकाच्या सकाळी दहाला पाठवा. माझ्या मते हा सल्ला आपल्यासारख्यांच्या कामाचा नाही, आणि त्याला कारण आहे. हे निष्कर्ष निघतात ते जाहिरातींच्या ईमेलवरून, जी एका वेळी हजारोंना जातात. त्यात मोजलं काय जातं, तर ईमेल "उघडलं" की नाही. ते मोजण्यासाठी ईमेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं एक टिचभर चित्र ठेवलेलं असतं. गिऱ्हाइकाच्या फोनने ते चित्र मागवलं की पाठवणाऱ्याकडे नोंद होते, "उघडलं, दहा वाजून चार मिनिटांनी." पण 2013 च्या अखेरीपासून जीमेल ही चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं. आणि 2021 पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये खासगीपणा जपणारी सोय आली. ती चालू असेल तर माणसाने ईमेल बघितलेलं नसतानाही चित्र आधीच उतरवून ठेवलं जातं. म्हणजे "उघडलं" ही नोंद पुष्कळदा यंत्राची असते, माणसाची नसते. शिवाय दुकानाची जाहिरात बघणं वेगळं आणि "120 की 200" याचं उत्तर देणं वेगळं. उत्तर द्यायला माणूस कामाच्या जागेवर असावा लागतो, त्याला शिल्लक माल दिसावा लागतो आणि हात मोकळा असावा लागतो.

म्हणून आपण मोजायचं ते उत्तर. ज्यांची गिऱ्हाइकं दहा-वीस आहेत त्यांना हे सहज जमतं, कारण सगळा पुरावा आपल्याच इनबॉक्समध्ये पडून आहे. मी एक शंभरपानी वही केली. प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन पानं. ज्या ईमेलला उत्तराची गरज होती तेवढीच घ्यायची. "माल निघाला" असं कळवणारं ईमेल धरायचं नाही, कारण त्याला कोणी उत्तर देत नाही. प्रत्येक ओळीत चार गोष्टी लिहायच्या: वार, आपण पाठवलं तेव्हा गिऱ्हाइकाच्या घड्याळात किती वाजले होते, त्याने उत्तर लिहिलं तेव्हा त्याच्याच घड्याळात किती वाजले होते, आणि मध्ये किती वेळ गेला. आपलं घड्याळ वहीत आणायचंच नाही. आपली वेळ लिहिली की घड्याळ सरकलं त्या आठवड्यापासून ओळी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि मग वही काहीच सांगत नाही.

एक अडचण येते. काही कंपन्यांच्या ईमेलमध्ये `Date:` च्या शेवटी `+0000` असतं. ते गिऱ्हाइकाचं घड्याळ नसतं, जागतिक वेळ असते. तिथे त्याच्या गावाचा फरक आपण स्वतः मिळवायचा. मी सुरुवातीला ते तसंच उतरवलं आणि एका गिऱ्हाइकाचा सगळा दिवस एक तास मागे लिहून बसले.

गाळेवाल्या काकांच्या पानावर वीस-पंचवीस ओळी झाल्या तेव्हा चित्र उघड दिसायला लागलं. त्यांची उत्तरं दोन ठिकाणी गोळा झाली होती. थोडी रात्री एक ते दोनच्या दरम्यान, म्हणजे गाळा उघडल्यावर गर्दी सुरू होण्याआधी. बाकी जवळजवळ सगळी सकाळी साडेसहा ते पावणेनऊ. नऊनंतर रात्री बारापर्यंत एकही नाही. आता मी काय करायचं? रात्री एक वाजता लंडनला पोचायचं तर उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला पाठवावं लागेल, आणि तेव्हा त्यांच्या हातात जेमतेम अर्धा तास असतो. सकाळचा गोळा जास्त भरवशाचा. त्यातही मी आठ धरत नाही, पावणेआठ धरते. त्यांना काही उलट विचारायचं असेल, फळ किती ग्रॅमचं, पेटी किती डझनाची, तर नऊच्या आत एक फेरी आणखी व्हायला हवी. लंडनचे पावणेआठ म्हणजे उन्हाळी वेळेत आपले सव्वाबारा. पुढच्या सोमवारी, 6 एप्रिलला, तोच प्रश्न मी सव्वाबाराला पाठवला. बारा पन्नासला उत्तर आलं. दादाला दुपारच्या जेवणाआधी आकडा मिळाला.

एका उत्तराने काही सिद्ध होत नाही, हे खरं. त्या दिवशी ते नुसते मोकळे असतील. म्हणून पुढच्या महिनाभर मी वेळ सव्वाबाराच ठेवली आणि ईमेलचा विषय, लांबी, प्रश्न विचारण्याची पद्धत यांपैकी काहीही बदललं नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे फरक पडला ते कळत नाही. महिनाअखेरीस सगळ्या ओळींचा मध्ये गेलेला वेळ लहान-मोठा असा लावला आणि बरोबर मधली ओळ बघितली. सरासरी काढू नका. काका एकदा तीन दिवस आजारी होते, तो एक आकडा सरासरी पार बिघडवतो. मधल्या ओळीला त्याचा धक्का लागत नाही.

वही नसली तरी चुकीची वेळ एका खुणेवरून ओळखू येते. उत्तरं जर वारंवार सोळा, अठरा, वीस तासांनी येत असतील, पण आली की मुद्द्याला धरून, पूर्ण, मनापासून लिहिलेली असतील, तर गिऱ्हाईक टाळत नाही. तुमचं ईमेल त्याच्या कामाची वेळ थोडक्यात चुकवून पोचतंय आणि पुढच्या पाळीपर्यंत पडून राहतंय. टाळणाऱ्याचं उत्तर वेगळं दिसतं. ते कधी दोन तासांनी येतं, कधी चार दिवसांनी, आणि बहुधा अर्धवट असतं. त्याच्यावर घड्याळाचा उपाय चालत नाही.

वाराचा विचारही याच रीतीने करायचा. आमच्या काकांचा आठवडा रविवारी मध्यरात्री सुरू होतो, आपल्याकडे सोमवारची पहाट झालेली असते. शुक्रवारी सकाळी नऊला ते गाळा बंद करतात. शुक्रवारी आपल्या दुपारी दीडनंतर पाठवलेलं काहीही थेट सोमवारीच वाचलं जातं, तेही दोन दिवसांच्या इतर ईमेलांखाली दबून. म्हणून शुक्रवारी मी त्यांना सकाळी बाराच्या आत पाठवते, नाहीतर रविवारी रात्री लिहून ठेवते आणि सोमवारी सव्वाबाराला सोडते. मंगळवार-बुधवार सगळ्यात चांगले का, तर त्यांना सोमवारची विक्री कळलेली असते आणि पुढच्या शनिवार-रविवारच्या विक्रीची तयारी करायची असते. हे कारण फळांच्या गाळ्याचं आहे. तुमचं गिऱ्हाईक वास्तुविशारद असेल किंवा काजूगर घेणारा बिस्किटांचा कारखाना असेल, तर त्याचा आठवडा दुसऱ्याच कारणाने चढतो-उतरतो, आणि तो त्यालाच विचारावा. मी काकांना फोनवर सरळ विचारलं होतं, "काका, तुम्ही ईमेल केव्हा बघता?" दोन महिन्यांची वही त्यांनी अर्ध्या मिनिटात खरी ठरवली. आधीच विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आखातात आठवडाच वेगळा आहे. संयुक्त अरब अमिरातीत 2022 च्या जानेवारीपासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवार अर्ध्या दिवसाचा राहिला. त्याआधी तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी होती, आणि आमच्याकडचे जुने व्यापारी अजून तोच हिशोब सांगतात. सौदीत मात्र अजूनही शुक्रवार-शनिवारच सुट्टी आहे. म्हणजे रियाधच्या गिऱ्हाइकाचा पहिला कामाचा दिवस आपला रविवार. रविवारी आपल्या साडेअकराला तिथे नऊ वाजलेले असतात आणि त्याच्या इनबॉक्समध्ये भारतातून क्वचितच काही आलेलं असतं. माझ्या मते सौदीला ईमेल पाठवायला रविवारसारखा दिवस नाही.

आता एकाच गिऱ्हाइकाच्या घरात दोन घड्याळं असतात, ही गोष्ट मला उशिरा कळली. गाळेवाले काका रात्रपाळीचे, पण त्यांचे पैसे पाठवणारी बाई कचेरीत बसते, नऊ ते पाच. मी मालाची चौकशी आणि बिल एकाच ईमेलमध्ये, दोघांना मिळून पाठवत होते. काका ते सकाळी पावणेआठला बघायचे, "ओके" लिहायचे, आणि ती बाई नऊला आली की तिला वाटायचं विषय मिटला. बिल तसंच राहायचं. आता बिल वेगळं, तिच्या नावाने, आपल्या दुपारी दोनला जातं, म्हणजे तिच्या साडेनऊला. बँकेच्या सुट्ट्याही तिच्यापुरत्याच बघायच्या. यंदा 3 एप्रिलला गुड फ्रायडे होता आणि 6 एप्रिलला ईस्टरचा सोमवार. दोन्ही दिवशी इंग्लंडमध्ये बँका बंद. काका मात्र त्या सोमवारी गाळ्यावर होते, मघाशी सांगितलेलं बारा पन्नासचं उत्तर त्याच दिवसाचं. सुट्टी आहे म्हणून मी काकांना लिहायची थांबले असते तर ती खेप गेली असती. आणि त्याच दिवशी बाईंना बिलाची आठवण पाठवली असती तर ती बुडाली असती.

अमेरिकेचा हिशोब वेगळ्या जातीचा आहे. न्यू जर्सीत आमचा आमरसाचा एक ग्राहक आहे. उन्हाळी वेळेत तो आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतो. आपण सकाळी दहाला, ताज्या मनाने लिहिलेलं ईमेल त्याच्याकडे रात्री साडेबाराला पोचतं आणि सकाळी तो बसतो तेव्हा रात्रभरात आलेल्या इतर ईमेलांच्या खाली गेलेलं असतं. आपल्या संध्याकाळी साडेसहा-सातला पाठवलं तर ते त्याच्या सकाळी नऊ-साडेनऊला, वरच्या वर. इथपर्यंत सोपं आहे. पण त्याने दुपारी तीनला उलट प्रश्न विचारला तर आपल्याकडे रात्रीचे साडेबारा झालेले असतात. लंडनशी दिवसाला दोन-तीन फेऱ्या होऊ शकतात, न्यू जर्सीशी एकच. म्हणून तिथे वेळेपेक्षा मजकुरावर जास्त मेहनत घ्यावी लागते. त्याला जे विचारावंसं वाटेल त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवायचं: "450 ग्रॅमचे डबे संपले असतील तर 850 चे चालतील का? चालत असतील तर दर अमुक." एका ईमेलमध्ये दोन फाटे सोडवले की एक पूर्ण दिवस वाचतो.

आपण जागे असू त्याच वेळेला पाठवायचं असं नाही. जीमेलमध्ये पाठवण्याच्या बटणाशेजारच्या बाणावर `Schedule send` आहे. ईमेल लिहून ठेवायचं आणि वेळ द्यायची. ही वेळ आपल्या घड्याळाची असते, गिऱ्हाइकाच्या नाही. 28 मार्चला बसून 30 मार्चचं ईमेल लावलंत तर लंडनचा फरक 30 मार्चचा धरायचा, आज दिसतो तो नव्हे. गूगलमध्ये "लंडनमध्ये आत्ता किती वाजले" असं विचारलं की उत्तर आजचं मिळतं, आणि नेमक्या त्या दोन दिवसांत ते फसवतं. कोकणात राहणाऱ्यांसाठी आणखी एक. जीमेलमध्ये लावलेलं ईमेल गूगलच्या सर्व्हरवर असतं, त्यामुळे मे महिन्याच्या वळवात वीज गेली, फोन बंद पडला, तरी ते वेळेवर सुटतं. कॉम्प्युटरवरच्या जुन्या आउटलुकमध्ये साध्या खात्यावरून उशिराने पाठवायची वेळ लावली असेल, तर ते ईमेल आपल्या मशिनमध्येच बसून राहतं. मशिन बंद असेल, वीज नसेल, तर ते पुढे जात नाही, आणि वीज आल्यावर, आउटलुक उघडल्यावर, भलत्याच वेळेला सुटतं. वादळाच्या दिवसांत मी सगळं जीमेलवरूनच लावते.

नव्या गिऱ्हाइकाला पहिलंच ईमेल असेल तर थोडी जागा राखून पाठवा. काही कंपन्यांचे सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा "थोड्या वेळाने या" असं उत्तर देऊन परत लावतात. खरा सर्व्हर काही मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतो आणि मग ईमेल आत घेतलं जातं. जाहिरातखोरांची यंत्रं बहुधा पुन्हा येत नाहीत, म्हणून ही युक्ती. यात दहा मिनिटंही जाऊ शकतात किंवा तासही. गिऱ्हाइकाची खिडकी अडीच तासांची असेल तर पहिलं ईमेल तिच्या सुरुवातीला पोचेल असं बघावं, शेवटच्या वीस मिनिटांवर भरवसा ठेवू नये.

आणि वेळ ठरवायची असते ती शेवटाकडून मागे. आमचंच धरा. गुरुवारी पहाटे मुंबईहून विमान. बुधवारी वाशीला फळावर प्रक्रिया आणि तपासणी. त्यासाठी मंगळवारी रात्री टेम्पो रत्नागिरीहून निघायला हवा, कारण रस्ता आठ-नऊ तासांचा. मंगळवारी दुपारी फळ निवडून खोक्यांत भरायचं, म्हणजे काढणी मंगळवारी पहाटे, चौदा आणे तयार झालेलं फळ बघून. गड्यांना निरोप सोमवारी संध्याकाळी सहाला. म्हणून काकांचं उत्तर सोमवारी सहाच्या आत, आणि सहाला लंडनमध्ये दीड वाजलेला असतो, काका गाढ झोपेत. त्यांच्या जागेपणीचा शेवटचा क्षण नऊ, म्हणजे आपला दीड. खरी मुदत दीडची आहे, सहाची कधीच नव्हती. 30 मार्चला मी पावणेदोनला पाठवलं तेव्हा मुदत संपून पंधरा मिनिटं झाली होती, आणि मी पुढचे सव्वाचार तास उत्तराची वाट बघत बसले.

आता ईमेलच्या पहिल्या ओळीतच मी मुदत लिहिते, आणि ती त्यांच्या घड्याळात: लंडनच्या साडेआठपर्यंत कळवा, नाहीतर 120 पेट्या धरून चालतो. "आजच कळवा" असं लिहायचं सोडलं, कारण त्यांचा आज आणि आमचा आज साडेचार तासांनी वेगळा सुरू होतो. नाही आलं उत्तर तर काय करणार हेही त्याच ओळीत असल्यामुळे दादाला संध्याकाळी विचारावं लागत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर दोन तारखा मोठ्या अक्षरांत आहेत. 25 ऑक्टोबर 2026, रविवार: लंडन परत साडेपाच तास मागे, काकांचं ईमेल सव्वाबाराऐवजी सव्वाएकला. आणि 1 नोव्हेंबर, रविवार: न्यू जर्सी साडेदहा तास मागे, साडेसहाऐवजी साडेसातला. मधल्या आठवड्यात लंडन बदललेलं आणि अमेरिका जुनीच, तिथे दोघांच्या ओळी वेगवेगळ्या तपासायच्या.